तीन बादल्या पाणी ओतूनही भांडं साफ होत नाही तेव्हा

कोल्हापुरात पोटाचा डॉक्टर म्हणून बसलं की सोमवारची ओपीडी वेगळीच असते. रविवारी मटण झालेलं असतं. तांबडा, पांढरा, सुकं, वर अळणी पाण्याची एक वाटी. सोमवारी सकाळी कुणीतरी खालच्या आवाजात सांगतं, "डॉक्टर, संडासवर तेलाचा तवंग दिसतोय. आतडं खराब झालं काय?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. पण काही जणांच्या बाबतीत हा तवंग खरंच काहीतरी सांगत असतो, आणि नेमके तेच लोक दोन-दोन वर्षं उशिरा येतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. विषय शौचाचा आहे, तेव्हा जेवताना वाचू नका.

आधी तरंगण्याचं बघू, कारण त्याचीच भीती जास्त. शौच पाण्यावर तरंगलं म्हणजे त्यात चरबी आहे, असं पूर्वी डॉक्टरही मानायचे. 1972 साली अमेरिकेत लेव्हिट आणि ड्युएन या दोघांनी हे तपासून पाहिलं. तरंगणाऱ्या शौचातला वायू काढून टाकला, तर ते बुडालं. तरंगायला कारण बहुतेक वेळा चरबी नसते, आत अडकलेला वायू असतो. मटकीची मिसळ, हरभरा, वाल, कोबी, किंवा दूध पचत नसताना प्यायलेलं दूध, यातल्या कशानेही शौच तरंगतं. नुसतं तरंगतंय, बाकी वजन, भूक, रंग ठीक आहे, तर मी एकही तपासणी लिहून देत नाही.

शिवाय आपल्याकडे निम्म्या घरांत भारतीय बैठकीचं भांडं असतं. त्यात पाणी साचतच नाही, मग तरंगणार कुठे? त्यामुळे तरंगतं का, हे मी विचारतच नाही. मी विचारतो, "पाणी किती ओतावं लागतं?" चरबी असलेलं शौच भांड्याला चिकटून बसतं. एका बादलीत जात नाही, ब्रश घ्यावा लागतो. प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असतं, रंग फिकट पिवळा, थोडा लोण्यासारखा, आणि वास खवट तुपाची आठवण करून देणारा, नेहमीच्या दुर्गंधीपेक्षा वेगळा. कधी पाण्यावर स्वतंत्र तेलाचे थेंब दिसतात, कटासारखे नारिंगी-पिवळे. कमोडमध्ये ते पटकन दिसतात, बैठकीच्या भांड्यात लक्ष द्यावं लागतं.

आणखी एक. सकाळी जे दिसतं ते रात्रीच्या जेवणाचंच असतं असं नाही. तोंडापासून शेवटापर्यंतचा प्रवास साधारण एक ते तीन दिवसांचा असतो. रविवारच्या तांबड्यावर सोमवारी सकाळी खापर फोडणं पुष्कळदा चुकीचं असतं. तिखटामुळे आतडी घाई करतात आणि पातळ, जळजळीत शौच होतं, ते वेगळं. एखाद्या दिवशीची ती गडबड म्हणजे चरबी न पचण्याचा आजार नव्हे.

आता चरबी पचते कशी ते बघू. मिसळीची वाटी डोळ्यांसमोर आणा. वर लाल कट तरंगतोय. चमच्याने कितीही ढवळा, दोन मिनिटांत तेल पुन्हा वर येतं. आता त्या वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. तेल फुटून बारीक बारीक थेंब होतात आणि पाणी दुधाळ दिसायला लागतं. पोटात साबणाचं हे काम पित्तरस करतो. तो यकृतात रोज अर्धा ते एक लिटर तयार होतो आणि पित्ताशयात साठतो. (आपल्याकडे 'पित्त झालं' म्हणजे आंबट पाणी वर आलं. ते जठरातलं आम्ल, पित्तरस नव्हे. या एका शब्दामुळे किती निदानं चुकली असतील याचा हिशोब नाही. पुढे येईलच.)

पण साबणाने तेल फुटतं, संपत नाही. ते थेंबसुद्धा आतड्याच्या भिंतीतून आत जायला फार मोठे असतात. चरबीचा प्रत्येक कण म्हणजे एका दांड्याला बांधलेल्या तीन लांब शेपट्या. त्यातल्या दोन कापल्या तरच तो आत शिरतो. कापणारी कात्री म्हणजे लायपेज नावाचं पाचकद्रव्य. थोडंसं लायपेज जठरातही असतं, पण खरी मोठी कात्री स्वादुपिंडाची. हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवा पडलेला असतो. इन्सुलिन करतो म्हणून त्याचं नाव सगळ्यांना माहीत. पण तो रोज जवळजवळ दीड लिटर पाचकरसही आतड्यात सोडतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्या रसात लायपेज असतं आणि सोड्यासारखा क्षारही असतो. जठरातून आलेलं आंबट अन्न हा क्षार सौम्य करतो. तो कमी पडला तर लायपेज असूनही नीट काम करत नाही.

कापलेले तुकडे पित्तरसाच्या पुडीत बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात, आत शिरतात, आणि पुढे रसवाहिन्यांतून रक्तात जातात. निरोगी माणसात खाल्लेल्या चरबीपैकी जवळजवळ 95 टक्के अशी शोषली जाते. म्हणून तर ताटभर मटण खाऊनही शौचात तेल दिसत नाही. शोषण बिघडलं, कात्रीमुळे असो, साबणामुळे असो की भिंतीमुळे, तर ती चरबी मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जीवाणू तिच्यावर तुटून पडतात, म्हणून तो वास.

भिंतीचा बिघाड म्हणजे सीलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा), जिआर्डियासारखा परजीवी, किंवा छोट्या आतड्याचा शेवटचा भाग टीबीने वा दुसऱ्या आजाराने खराब होणं, कारण पित्तरस परत शोषला जातो तो तिथूनच. पित्ताशय काढलेल्यांनी घाबरू नये. पित्तरस यकृतातच बनतो, त्यामुळे चरबी बहुधा नीट पचते. काहींना पातळ होतं, ते पित्तरस सतत झिरपत राहिल्यामुळे. आणि वजन कमी करायच्या एका प्रकारच्या गोळ्या लायपेजलाच अडवतात. साधारण 30 टक्के चरबी न पचता बाहेर पडते आणि कपड्यांना तेल लागतं. अशा पेशंटला मी आधी पर्स उघडायला सांगतो.

पण मला सविस्तर सांगायचंय ते कात्रीबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुकतं तेच.

करवीर तालुक्यातला एक गुऱ्हाळवाला डोळ्यांसमोर आणा. हा एक माणूस नाही. तीन-चार पेशंट मिळून केलेला आहे, पण त्याच्या बाबतीत जे घडलं ते सगळं मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. वय 44. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी दारू, तीन वर्षांपूर्वी सोडली. तिशीत असताना दोनदा छातीखाली बेंबीच्या वर प्रचंड कळ आलेली, थेट पाठीत जाणारी, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. दोन्ही वेळा 'पित्त' म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. नंतर दुखणं हळूहळू कमी झालं. घरच्यांना वाटलं, दारू सुटली, बरा झाला.

तो माझ्याकडे आला तो शुगरसाठी. वर्षभरापूर्वी शुगर निघाली होती, तीन महिन्यांची सरासरी 8.2. चौदा महिन्यांत वजन 74 किलोवरून 61 वर. "शुगरनं वाळला," असं सगळ्यांचं मत. बायको बरोबर होती. तपासून झाल्यावर सहज विचारल्यासारखं मी विचारलं, "संडासला पाणी किती लागतं?" तो गप्प. बायको म्हणाली, "डॉक्टर, ह्यास्नी तीन बादल्या वतल्या तरी भांडं साफ हुईना. माझा रोजचा ब्रश चाललाय. लाजंनं कुनाला सांगत न्हाईत."

सगळं निदान त्या वाक्यात होतं.

मग मी खाण्याचं विचारलं. तर गड्याने वर्षभरापूर्वीच मटण, तूप, तेलकट सोडलेलं. पोट बरं राहावं म्हणून. आणि खरंच, मटण सोडल्यावर शौच सुधारलं होतं. पण वजन उतरतच राहिलं. इथे भले भले फसतात. चरबी कमी खाल्ली की चरबी कमी बाहेर पडते, म्हणजे खूण पुसली जाते. आजार तिथेच राहतो. भाजी-भाकरीत, शेंगदाण्याच्या कुटात, दुधात जी काही चरबी असते ती जातच राहते.

थोडा हिशोब करू. समजा तो दिवसाला 80 ग्रॅम चरबी खात होता. निरोगी माणसात त्यातले चारेक ग्रॅम शौचात जातात. तपासणीत सात ग्रॅमपर्यंत चालतं, पण त्यासाठी रोज 100 ग्रॅम चरबी खाऊन तीन दिवसांचं शौच डब्यात गोळा करावं लागतं. (सांगायला सोपं आहे. घरच्या फ्रीजमध्ये तो डबा ठेवू द्यायला एकही सासूबाई मला अजून भेटलेली नाही.) त्याची मात्र समजा 30 टक्के जात होती, म्हणजे रोज 24 ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे रोज 216 कॅलरी. एक बेताची ज्वारीची भाकरी रोज ताटात घेऊन रोज फेकून द्यावी, तसं. महिन्याला साडेसहा हजार कॅलरी. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. चौदा महिन्यांत हा आकडा बारा किलोच्या जवळ जातो. शरीर असं तंतोतंत गणिताने चालत नाही, शुगरचाही त्यात वाटा होता, पण माणूस भरपूर जेवूनही वाळतो कसा, हे या हिशोबातून कळतं.

मग प्रश्न येतो, इतकी वर्षं कळलं कसं नाही? कारण स्वादुपिंडाकडे साठा प्रचंड आहे. 1973 सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं, की लायपेजचं उत्पादन नेहमीच्या 10 टक्क्यांखाली गेल्याशिवाय शौचात चरबी दिसतच नाही. म्हणजे नऊ भाग कारखाना जळेपर्यंत माल वेळेवर निघत असतो. तवंग दिसला तेव्हा स्वादुपिंडाचं फार थोडं शिल्लक असतं. आणि दुखणं कमी झालं त्यालाही काहींच्या बाबतीत हेच कारण: जळायलाच फार उरलेलं नसतं. इन्सुलिनच्या पेशीही त्यातच जातात, म्हणून शुगर. मधुमेह आधी आणि वाळणं नंतर, असा जो क्रम सगळे लावत होते, तो उलटा-सुलटा होता. दोन्हीचं मूळ एकच.

दारू हे मोठं कारण, पण एकटं नाही. सिगारेट-तंबाखूने हाच आजार होतो आणि वाढतो. आणि आपल्या देशात दारूला कधी न शिवलेल्या तरुण मुला-मुलींनाही स्वादुपिंडात खडे होऊन हे होतं. म्हणून 'मी पीत नाही' म्हटलं की विषय संपला, असं करू नये.

तपासण्या फार नव्हत्या. शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडातलंच एक द्रव्य, ते शौचाच्या एका लहानशा नमुन्यात मोजता येतं. एका ग्रॅममध्ये 200 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असावं. 100 च्या खाली असेल तर पुरावा भक्कम. त्याचं 38 आलं. ही तपासणी सोपी आहे, पण तिला एक खोड आहे: पाण्यासारखं पातळ शौच दिलं तर द्रव्य पातळ होऊन आकडा खोटाच कमी येतो. म्हणून जुलाब चालू असताना नमुना देऊ नका. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड आक्रसलेलं, नळीत चुन्याचे खडे. सीटी आणखी एका कारणासाठी गरजेचा होता. नव्याने आलेली शुगर आणि उतरणारं वजन, ही जोडी स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही दिसते. तो नव्हता.

रक्तात ड जीवनसत्त्व 11, आणि रक्त गोठायला थोडा जास्त वेळ. हे का? अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं चरबीच्या पाठीवर बसूनच आत येतात. चरबी गेली की तीही जातात. ड कमी म्हणजे हाडं दुखणं, के कमी म्हणजे हिरड्यांतून रक्त, अ कमी म्हणजे रात्री कमी दिसणं. त्याला तपासताना मी विचारलं, तर म्हणाला, संध्याकाळी गाडी चालवायला अवघड जातं. त्याने ते चष्म्यावर ढकललं होतं.

उपचार म्हणजे नसलेली कात्री तोंडाने देणं. कॅप्सूलमध्ये लायपेज आणि बाकीची पाचकद्रव्यं असतात, मात्रा युनिटमध्ये मोजतात. मी 25,000 युनिटची कॅप्सूल लिहिली: मोठ्या जेवणाला दोन, नाश्त्याला एक. हे पाचकद्रव्य डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. शाकाहारी आणि मुस्लिम पेशंटना मी हे आधी सांगतो. नंतर कुणीतरी सांगितलं तर औषधच बंद पडतं.

पंधरा दिवसांनी तो परत आला. फरक शून्य. "गोळ्या घेता ना?" "घेतो की. जेवणाआधी अर्धा तास, पित्ताच्या गोळीसारखं." हीच ती चूक. अन्न येण्याआधीच कात्री पुढे निघून जाते. अन्नात मिसळायला हवी. पहिल्या घासाबरोबर एक, अर्ध्या जेवणात दुसरी. कॅप्सूल चावायची नाही, गरम चहाबरोबर घ्यायची नाही. आतले बारीक दाणे एका आवरणात असतात, जठराच्या आम्लात ते टिकतात आणि पुढे आतड्यात आम्ल कमी झाल्यावर विरघळतात. काही पेशंटमध्ये आतड्यातही आंबटपणा राहतो, कारण मघाशी सांगितलेला क्षार बनत नाही. तेव्हा सोबत आम्ल कमी करणारी गोळी द्यावी लागते. त्यालाही द्यावी लागली.

दुसरी गळती संध्याकाळी होती. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचा एक मोठा ग्लास, रोजचा नेम. जेवण नाही म्हणून कॅप्सूल नाही. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के चरबी धरली तर 300 मिलीत वीसेक ग्रॅम. म्हणजे जवळजवळ एका जेवणाची चरबी कात्रीशिवायच. त्याला सांगितलं, दूध सोडू नका, ग्लासाबरोबर एक कॅप्सूल घ्या.

त्याला तेल-तूपही परत सुरू करायला सांगितलं. पूर्वी अशा पेशंटना चरबी बंद करायचे. आता तसं करत नाहीत, कारण त्याने माणूस अजून वाळतो. खायचं नेहमीसारखं, कॅप्सूल पुरेशी घ्यायची. तळण रोज नको, पण भाकरीवर तूप चालेल. दारू-तंबाखू मात्र कायमची बंद. आणि एक धोका आधीच सांगून ठेवला: अन्न नीट पचायला लागलं की शुगर वाढू शकते. ती वाढलीसुद्धा, इन्सुलिन जरा वाढवावं लागलं. पण बेताने, कारण या मधुमेहात शुगर वर आणणारा हार्मोनही कमी असतो आणि शुगर एकदम घसरते.

तिसऱ्या आठवड्यात बायकोने सांगितलं, ब्रश कोपऱ्यात पडलाय. सहा महिन्यांनी वजन 66.

आता पांढऱ्या रंगाबद्दल, कारण फिकट आणि पांढरं यातला फरक जीवावर बेतू शकतो. शौचाचा तपकिरी रंग पित्तरसातून येतो. चरबीचं शौच फिकट पिवळं असतं, पण पिवळं असतं. गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत शाडू भिजवलेला पाहिला असेल, तसा राखाडी-पांढरा रंग आला, आणि त्याबरोबर लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, तर पित्तनलिका कुठेतरी बंद झाली आहे. खडा असेल, गाठ असेल. तिथे 'कावीळ उतरवून' घेत दिवस घालवू नयेत. सोबत थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

बाकी कुणी कधी यावं? तीन आठवड्यांहून जास्त काळ भांड्याला चिकटणारं, फिकट, खवट वासाचं शौच, आणि वजन उतरतंय. पूर्वी पाठीत जाणारी पोटदुखी झाली असेल किंवा नवीन शुगर निघाली असेल तर तीन आठवडेही थांबू नये. एका रविवारचा तवंग, वजन जसंच्या तसं, पुढच्या दोन दिवसांत सगळं ठीक, तर त्याने पुढचा रविवार सुखाने साजरा करावा.

गुऱ्हाळवाला परवा आला होता. गावची म्हाई जवळ आली म्हणून. "डॉक्टर, पंगतीत बसायचं म्हंजे मटण आलंच. किती घिऊ?"

"तीन. पहिल्या घासाला एक, मध्ये एक, शेवटी एक."

"आन् दुसऱ्यांदा वाढलं तर?"

खिशात चौथी ठेवायला सांगितली.